चौथ्या ओव्हरचा शेवटचा बॉल

मिलिंद,

तुझ्या निधनाचा मजकूर आपल्या टेमघरच्या सगळ्या ग्रुपवर फिरतो आहे. शिक्षण, नोकरी, मागे कोण कोण. प्रसिद्धीला देण्याआधी तो माझ्याकडे तपासायला आला होता. दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि परत पाठवला. त्यात चूक काही नव्हती. शेवटच्या ओळीत 'उत्तम कर्णधार' असं लिहिलं होतं. ते दोन शब्द मी तसेच ठेवले, पण त्यांच्यावर थोडा वेळ थांबलो. आपण दोघं इतकी वर्षं भांडत होतो ते नेमकं त्यावरूनच.

ते भांडण अर्धवट राहिलं. परवा त्यात एक नवी माहिती मिळाली. ती तुला सांगायची आहे, म्हणून हे लिहितो आहे. बाकी सगळं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी क्रमाने लिहावं लागेल. तुला ते माहीतच आहे. कंटाळू नकोस.

तू पडघ्याच्या बाजूला एका मोठ्या गोदामात ट्रक डॉकला लावायचं काम करायचास. कोणती गाडी आधी, कोणती नंतर, हे तू ठरवायचास. मी एकदा तिथे आलो होतो. रात्रभर गाडी चालवून आलेला एक ड्रायव्हर तुझ्यावर ओरडत होता, आपल्यामागून आलेली गाडी आधी आत कशी गेली म्हणून. तू त्याला खुर्ची दिलीस आणि सांगितलंस, "त्याच्या गाडीत दूध पावडर आहे आणि ताडपत्री फाटलीये. तुझ्या गाडीत टाइल्स. टाइल्स नासत नाहीत." तो शिव्या घालतच बसला, पण बसला. तेव्हा तू मला म्हणालास, "माणसाला थांबवायचं असेल तर कारण द्यायचं. कारण न देता थांबवलं की तो थांबत नाही, नुसता अडकतो."

हे वाक्य मला आवडलं होतं. अजून आवडतं. तुझी कॅप्टनशिप सगळी त्यातच होती.

आपल्याकडे आठ ओव्हरच्या टेनिस बॉलच्या सामन्यात बॅटिंगचा क्रम कसा ठरतो, हे आपण दोघांनी पाहिलं आहे. कॅप्टन आधी पॅड नसलेल्या पायांनीच पिचकडे निघतो, जाताना "तू चल" म्हणून एकाला हात दाखवतो, आणि उरलेले ओरडत राहतात. आठ ओव्हर म्हणजे अठ्ठेचाळीस बॉल. पाचव्या-सहाव्या नंबरनंतर बॅट हातात येणं नशिबाचं. त्यामुळे प्रत्येकाला वर जायचं असतं, आणि खाली पाठवलेल्याला वाटतं आपल्याला टीममधून काढलंच. तू मात्र सगळ्यांना गोल बसवायचास आणि प्रत्येकाला त्याच्या तोंडावर, सगळ्यांसमोर, त्याचा नंबर का तो सांगायचास. दुसऱ्या टीमचे लोक हसायचे. "भाषण चाललंय काय रे?" म्हणायचे. चाललेलं भाषणच असायचं.

अंजूरच्या त्या फायनलच्या दिवशी तू केलेलं भाषण मला जवळजवळ शब्दशः आठवतं. बातमीदाराच्या सवयीने मी ऐकतो तेव्हा मनात टिपत जातो.

मैदान केतनच्या घरचं होतं. भात कापून झालं की त्या शेतात बांध मोडून पिच काढायचे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला नव्याने उभ्या राहिलेल्या गोदामाची भिंत. गावाची एक रीत होती: शेत ज्याच्या घरचं, त्या घरचा माणूस आपल्या टीमसाठी पहिला बॉल खेळणार. कुणी लिहून ठेवलेली नव्हती, पण कुणी मोडलेलीही नव्हती. केतन आपल्या टीममध्ये होता, तेव्हा पहिला बॉल त्याचा, असं सगळे धरून चालले होते.

आणि त्या दिवशी त्याला त्याचं महत्त्व जास्तच होतं. सकाळीच त्याने आपल्या दोघांना बाजूला घेतलं होतं.

"बाबा येणार हायत बघायला," तो म्हणाला. "कधी येत न्हाईत. भराव टाकायचा ठरत आलाय इथं. गोदामवाले रोज घरी येतात. मी सांगितलंय, एकदा या, बघा काय चालतं शेतात ते, मग ठरवा."

"आणि बघून ते ठरवतील?" मी विचारलं.

"त्यांना वाटतं आम्ही इथं पोरखेळ करतो. मला खेळताना बघितला न्हाय त्यांनी कधी. एकदा बघू देत. एक वर्ष थांबले तरी खूप."

तू त्याच्या खांद्यावर हात ठेवलास. म्हणजे काय पणाला लागलं आहे ते तुला भाषणाच्या आधीपासून माहीत होतं. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

पडघ्याच्या टीमने आधी बॅटिंग करून बहात्तर केल्या. आपल्याला त्र्याहत्तर हव्या होत्या. दोन डावांच्या मधल्या वेळात तू सगळ्यांना मंडपाच्या सावलीत बसवलंस. केतनचे वडील, जनार्दनशेठ, तोवर आले होते. मंडपाच्या दुसऱ्या टोकाला आयोजकांनी त्यांना हार घालून खुर्चीवर बसवलं होतं.

तू स्टंपच्या टोकाने मातीत पिच काढलंस आणि सुरुवात केलीस.

"पहिल्यांदा वारा. खाडीकडून येतोय, भिंतीकडे जातोय. भिंतीची बाउंड्री जवळ आहे. म्हणजे भिंतीकडे उंच मारलेला बॉल वारा नेणार, खाडीकडे मारलेला वारा परत आणून फिल्डरच्या हातात देणार. एक, तीन, पाच, सात या ओव्हर या टोकाकडून पडणार. तेव्हा उजव्या हाताच्या बॅट्समनची लेग साइड भिंतीकडे येते. दोन, चार, सहा, आठला उलटं होतं. तेव्हा भिंतीकडे लेग साइड येते ती डावखुऱ्याची. आपल्याकडे डावखुरा कोण?"

"सलीम," कुणीतरी म्हणालं.

"सलीमभाई एकटा. आता त्यांची बोलिंग. एकाला दोनच ओव्हर. सेमीफायनल बघितली मी त्यांची, त्याच्या आधीचीही बघितली. क्रम बदलत नाहीत. पहिली ओव्हर तो लेफ्टी फास्ट टाकणार. दुसरी सरळ टाकणारा तो चष्मेवाला. तिसरी फिरकी. चौथी परत चष्मेवाला, पाचवी परत फिरकी. सहावी तो यॉर्करवाला, सातवी लेफ्टी, आठवी यॉर्करवाला. म्हणजे फिरकी आहे तिसरीला आणि पाचवीला. दोन्ही वेळा उजव्या हाताला भिंत मिळते. यॉर्करवाला सहावीला आणि आठवीला. दोन्ही वेळा डावखुऱ्याला भिंत मिळते. आता नंबर सांगतो."

कीपर पाठीवर आडवा पडला होता, तो उठून बसला.

"पहिला नंबर," तू माझ्याकडे बघितलंस. "हा."

मला चौथा नंबर हवा होता. बॉल जुना, मऊ झाल्यावर मला बरा दिसायचा. मी तसं म्हणालो.

"तुला चौथ्याला पाठवून काय करू? तू आउट होत नाहीस, कारण तू मारत नाहीस. नवा बॉल कडक असतो, उडतो, लेफ्टीचा अंगावर येतो. त्या पहिल्या ओव्हरला मला मारणारा नको, टिकणारा पाहिजे. तिथे विकेट गेली तर आपले दोन्ही मारणारे चुकीच्या ओव्हरला मैदानात येतील. तू एकेक काढ. चार ओव्हर खेळ. त्यानंतर तू आउट झालास तर मी टाळ्या वाजवीन."

सगळे हसले. "पत्रकार, हेडलाइन मिळाली," कीपर म्हणाला.

"तू हसू नकोस. तू आठ ओव्हर वाकून उभा होतास, पाय भरलेत तुझे. दोनचे रन तू एक करशील. तू सहावा."

"मिलिंददादा, सहावा म्हणजे नाहीच."

"नाहीच. खरं सांगितलं. दुसऱ्या बाजूला मी जातो. मला लेफ्टी कळतो, मी जाऊन त्याला थोडा थांबवतो. आता तिसरा."

इथे केतन उभा राहिला. हेल्मेट घातलेलं होतं त्याने, टेनिस बॉलला कुणी घालत नाही तरी. "पहिला बॉल आमचे घरचा," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "आजपर्यंत तसाच हाय."

"बस, केतन. तुला बसूनच सांगतो." तू स्टंप खाली ठेवलास. "रीत मला माहीत आहे. शेत तुमचं, मान तुमचा. पण पहिला बॉल त्या लेफ्टीचा आहे. तुझी बॅट वरून खूप उंचावरून येते. फास्ट बॉल या मातीत खाली राहतो. तू बॅट खाली आणेपर्यंत तो स्टंपात असतो. गेल्या महिन्यात दोनदा झालं, तिथेच. तुझ्या वडिलांनी तुला पहिल्या बॉलला बोल्ड झालेला बघायचंय का?"

हे सगळ्यांसमोर बोललास. केतनने मंडपाच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं. जनार्दनशेठ ऐकू येईल इतक्या जवळ नव्हते.

"फिरकी तुझ्याइतकी कुणी मारत नाही. तू थांबतोस आणि मग उचलतोस. ती आहे तिसरीला आणि पाचवीला. म्हणून चार ओव्हर पुऱ्या व्हायच्या आत विकेट पडली तर तू जा. फिरकीची निदान एक पुरी ओव्हर तुला मिळेल, आणि भिंत तुझ्या बाजूला. तिथे मार, मग बघू दे सगळ्या गावाला. चार ओव्हर पुऱ्या झाल्यावर विकेट पडली तर सलीमभाई. कारण तोवर फिरकीची एकच ओव्हर राहिली असेल आणि पुढे फास्टच फास्ट आहे. ते डावखुऱ्याचं काम."

"भाई, अपने को नंबर मत बताओ," सलीम म्हणाला. तो पॉवरलूमवरची ड्युटी बदलून आला होता, डोळे लाल होते. "चार ओवर के बाद गिरा तो मैं, पहले गिरा तो केतन. बस. याद रहेगा."

"केतन?"

त्याने एकदा पिचकडे बघितलं. मग म्हणाला, "चार ओव्हरच्या आत पडली तर मी. सगळ्यांसमोर बोललास. चालंल."

रीत अशी मोडली. भांडण न होता. मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता. एखादा जुना हक्क नुसत्या कारणाच्या जोरावर, समोरच्याच्या संमतीने, काढून घेता येतो, हे मी पहिल्यांदा बघत होतो.

आता मैदान. लेफ्टीची पहिली ओव्हर आपण पाच धावांत काढली. दुसऱ्या, तिसऱ्या ओव्हरमध्ये मी एकेक काढत राहिलो, तू अधूनमधून मारत राहिलास. चौथ्या ओव्हरच्या पाच बॉलपर्यंत तीस झाल्या होत्या. सहावा बॉल चष्मेवाल्याने लेगच्या बाहेर टाकला. अंपायरने दोन्ही हात पसरले, वाइड. बॉल त्यांच्या कीपरच्या ग्लव्हजला लागून दोन हात लांब गेला. तू हाक दिलीस. मी धावलो. कीपर माझ्यापेक्षा लवकर पोहोचला. मी रनआउट.

वाइडवर माणूस रनआउट होतो, पण तो बॉल ओव्हरमध्ये धरत नाहीत. म्हणजे चौथी ओव्हर पुरी झालेली नव्हती. एक बॉल बाकी होता. अंपायरने तसं एक बोट दाखवलंही. त्याच वेळी मंडपातला माइकवाला ओरडला, "और ये चौथी ओव्हर समाप्त! एकतीस पर एक!" तो नेहमीसारखा घाईत होता.

मी परत चाललो होतो तेव्हा समोरून दोघं येत होते. केतन अंपायरचं बोट बघून निघाला होता. सलीम माइक ऐकून निघाला होता. दोघांच्या हातात बॅट. पिच आणि मंडप यांच्या मधोमध ते एकमेकांना दिसले आणि थांबले. प्रेक्षकांना मजा वाटली. "दोघं खेळा रे, दोघं!" कुणीतरी ओरडलं. जनार्दनशेठ खुर्चीतून पुढे झुकून बघत होते.

मी केतनजवळून गेलो. तो मला म्हणाला, "एक बॉल हाय ना? सांग त्याला, एक बॉल हाय."

मी मागे वळून तुला ओरडून सांगितलं, "एक बॉल बाकी आहे!"

तुला ते माहीत होतं. तू दुसऱ्या टोकाला उभा होतास. तू अंपायरकडे बघितलंस, खाडीकडे बघितलंस, आणि हात वर करून म्हणालास, "सलीमभाई, आ जाओ. केतन, थांब."

केतन उभाच राहिला. तू पुन्हा हात केलास, परत जा म्हणून. मोठ्याने. सगळ्या मैदानाला दिसेल असा.

तो परत फिरला तेव्हा मी त्याच्या बरोबरीने चाललो. त्याने हेल्मेट काढलं नाही. वडिलांच्या खुर्चीसमोरून जावं लागणार होतं. तो तिथून गेला नाही, मंडपाला वळसा घालून मागच्या बाजूने गेला.

उरलेला बॉल सलीमने नुसता अडवला. ओव्हर संपली, त्यामुळे पाचव्या ओव्हरला समोर तू आलास. फिरकी, भिंतीची बाजू, पाठीला वारा. तू एकट्याने पंधरा काढल्यास. त्यातले दोन फटके गोदामाच्या भिंतीवर आपटले, त्यांचा आवाज अजून आठवतो. सहाव्या ओव्हरला सलीमने यॉर्करवाल्याला मारलं. सातवीत लेफ्टीने फारसं काही दिलं नाही. आठवीला नऊ हव्या होत्या. सलीमने दोन फटक्यांत संपवलं. नंतर एकही विकेट पडली नाही. केतन पॅडशिवाय, हेल्मेट घालून, शेवटपर्यंत बसून राहिला.

कप घेताना जनार्दनशेठनी तुझ्याशी हात मिळवला. "मस्त खेळलात," म्हणाले. मग केतनला म्हणाले, "चल. तुला काय, नुसता फिरायला नेला व्हता आत."

पावसाळ्यानंतर त्या शेतात मातीचे डंपर आले.

आपलं भांडण त्या संध्याकाळीच सुरू झालं. मी म्हणालो, तू शब्द दिला होतास. चार ओव्हर पुऱ्या व्हायच्या आत. सगळ्यांसमोर. तो शब्द घेऊन त्याने आपल्या घरची रीत सोडली. तू म्हणालास, मी शब्द दिला नव्हता, कारण सांगितलं होतं. एक बॉल राहिला होता, तोही खाडीच्या बाजूचा. त्याला पाठवला असता तर फिरकीची एकच ओव्हर मिळाली असती, आणि सहावीला, आठवीला सलीम बाहेर बसला असता. मी सांगितलेल्या कारणाने उत्तर सलीमच येतं. आकडा फक्त सोयीसाठी होता.

मी म्हणालो, तूच म्हणालास ना, निदान एक पुरी ओव्हर तुला मिळेल? एक ओव्हर मिळालीच असती. ती तू खेळलास.

यावर तू पहिल्यांदा गप्प बसलास. नंतरही, इतक्या वर्षांत, या एका वाक्यावर तू कधी उत्तर दिलं नाहीस. बाकी सगळ्यावर दिलंस. चहाच्या टपरीवर साखरेच्या डब्याला फिरकी आणि ग्लासाला भिंत करून मला समजावलंस. एकदा माझ्या गाडीच्या काचेवरच्या धुळीत सगळं पिच काढून दाखवलंस, आणि मी ते पुसलं नाही म्हणून माझी बायको हसली होती. तुझा हिशोब क्रिकेटच्या दृष्टीने बरोबर होता, हे मी तेव्हाही मान्य केलं. आपण जिंकलो, हा त्याचा पुरावा नाही, हेही मी सांगितलं. पुरावा असता तरी माझा प्रश्न वेगळा होता.

माझ्या धंद्यात एखाद्याला "तुमचं नाव छापणार नाही" असं सांगितलं, तर पुढे नाव छापणं कितीही योग्य ठरलं तरी छापत नाहीत. तू म्हणायचास, बातमी आणि बॅटिंग वेगळी. वारा बघून दिलेला शब्द वारा बदलल्यावर पाळायचा नसतो. वारा बदलला नव्हता, मी म्हणायचो. मग तू चिडायचास.

तू चिडायचास त्याचं कारण मी नव्हतो, हे मला हळूहळू कळलं. केतन टीम सोडून गेला. भांडला नाही, फक्त पुढच्या हंगामात आला नाही. लग्नात भेटायचा, "काय मिलिंद, बरा ना?" म्हणायचा, तुझ्या ताटात आग्रहाने वाढायचा. तू घरी आल्यावर मला फोन करायचास. "आज भेटला. चांगला बोलला." मग थोडं थांबून, "शेताचं काही बोलला नाही." दर वेळी हेच. अंजूरच्या रस्त्याने जाताना तू त्या शेतावर उभ्या राहिलेल्या गोदामाकडे बघत नसायचास. आपण रिक्षात असलो की तू माझ्याशी बोलायला लागायचास, काहीही, ती भिंत मागे जाईपर्यंत. त्या शेताचा भराव आपल्या एका हाताच्या इशाऱ्याने पडला, असं तू धरून बसला होतास. मी तुला सांगायचो, एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं होत नाही. तू म्हणायचास, "तुझ्या पेपरात नसेल होत."

पण तुझ्या कॅप्टनशिपनंतर आम्ही जिथे कुठे खेळलो, तिथे क्रम सांगताना कॅप्टन निदान दोन वाक्यं बोलतो. ती तुझी आहेत. मला पहिल्या नंबरची भीती वाटेनाशी झाली, तीही तुझ्यामुळे. मी का तिथे आहे हे मला ठाऊक होतं. हे मी तुला तोंडावर कधी बोललो नाही. वाद चालू असताना असलं काही बोलायचं राहतं.

परवा बुद्धविहारात तुझ्यासाठी सगळे जमले होते. वंदना झाली, लोक बोलले. सलीम बोलायला उठला आणि "कप्तान था" एवढं म्हणून बसला. केतन मागच्या रांगेत होता. बोलला नाही. बाहेर आल्यावर तो चपला शोधत उभा होता, मी त्याच्याजवळ गेलो. दुपारचं ऊन होतं. आम्ही भिंतीच्या सावलीला सरकलो.

"लिहिणार आहेस का त्याच्यावर?" त्याने विचारलं.

"हो."

"अंजूरचा पण?"

"तेच लिहिणार आहे. एक विचारू? त्या दिवशी तू खेळला असतास, तर शेत राहिलं असतं का?"

तो लगेच म्हणाला, "न्हाय."

विचारून झाल्यावर गप्प बसायचं, हे एवढंच मला येतं.

"बाबांनी गोदामवाल्याला शब्द आधीच दिला व्हता. मॅचच्या आधी. मला माहीत नव्हता. दुसऱ्या दिवशी आईने सांगितला. ते आले व्हते ते शेवटचा बघायला. शेत."

"म्हणजे मिलिंदमुळे काही झालं नाही."

"काय न्हाय झाला त्याच्यामुळं."

"हे त्याला माहीत होतं?"

"न्हाय."

"तू सांगितलं नाहीस? तो इतकी वर्षं..."

"मला माहीत हाय तो काय धरून व्हता. दिसायचा ना तोंडावर. लग्नात भेटला की आधी माझ्या तोंडाकडं बघायचा." त्याने चप्पल पायात घातली, पुन्हा काढली. "मी ठरवला व्हता ना, सांगायचा. दर वेळी. आता सांगू म्हणायचो. मग वाटायचा, सांगितला की हा सुटला. मग माझी ओव्हर ती काय झाली? ती पण गेली. शेताचा सांगितला असता त तो म्हणाला असता, बघ केतन, मग काय फरक पडला. त्याच्याकडं कारण असायचाच."

"फरक पडला असता तुला?"

"मला ती ओव्हर खेळायची व्हती रं." त्याचा आवाज चढला, दोन-तीन माणसांनी वळून पाहिलं. "शेत जाऊ दे. बाबा जाऊ दे. फिरकी व्हती, भिंत व्हती, मी तयार व्हतो. तो बरोबर हाय, मला तेव्हाच कळला व्हता, सलीमच पाहिजे व्हता. हरलो असतो त मी त्याला त्याच संध्याकाळी माफ केला असता. आम्ही जिंकलो. मग काय करायचा सांग. बरोबर असलेल्या माणसाला माफ कसा करतात?"

मी त्याला विचारलं, हे लिहू का. नाव बदलून लिहितो म्हणालो.

"नाव ठेव. सगळा लिही. शेताचा पण लिही, त्याच्यामुळं गेला न्हाय म्हणून. त्याच्या घरच्यांनी वाचू दे." मग म्हणाला, "फक्त मी माफी मागितली असा नको लिहू. मी मागायला आलो न्हाय. आणि दिली असा पण नको."

तो गेला.

तेव्हा, मिलिंद, शेत तुझ्यामुळे गेलं नाही. ही खात्रीची माहिती आहे, घरातल्या माणसाकडून मिळालेली. तुझ्यापर्यंत ती पोहोचायला एका माणसाचं एक वाक्य पुरलं असतं, आणि ते त्याने जाणूनबुजून रोखलं. ओव्हरबद्दल मात्र तो तुझ्याशी सहमत आहे, आणि अजून तुझ्यावर रागावलेला आहे. दोन्ही त्याने सांगितलं तसं लिहिलं आहे.